अ‍ॅनाटॉमीच्या व्हायवाची आदली रात्र: या चुका टाळा

फर्स्ट इयरच्या व्हायवात नापास होणारी बहुतेक मुलं वाचलेली असतात. हे आधी सांगतो, कारण दर वर्षी घरी फोनवर रडताना वाक्य एकच असतं, 'सगळं वाचलं होतं गं.' वाचलेलं असतंच. फक्त हाताने काही केलेलं नसतं.

पहिली आणि सगळ्यात महागाची चूक म्हणजे हाड न उचलता हाडाबद्दल वाचणं. तिचीच भावंडं आणखी दोन. एकाच बाजूच्या हाडावर सगळा अभ्यास करणं आणि रंगवलेल्या हाडावर पाठांतर करणं. एका होस्टेलवरच्या मुलीने एकाच रात्रीत तिन्ही केल्या. तिची गोष्ट नीट ऐका, तुमची रात्रही फार वेगळी नसते.

सकाळी नऊला व्हायवा. रात्री दहाला मेसमधून वर येऊन ती टेबलाशी बसली. सीनियरकडून विकत घेतलेला अर्धा बोनसेट पलंगाखालच्या खोक्यात होता. अर्धा सेट म्हणजे हातापायांची हाडं एकाच बाजूची. तिच्या वाट्याला डावी आली होती. ह्युमरसवर आधीच्या मालकिणीने खडूने अटॅचमेंट रंगवल्या होत्या, ओरिजिन लाल आणि इन्सर्शन निळं. ते हाड तिने पुस्तकावर आडवं ठेवलं, पान उलटू नये म्हणून. साडेतीनपर्यंत त्याचं काम तेवढंच. मधूनमधून ती त्याच्याकडे बघायची. 'हेड या बाजूला, मिडियल एपिकॉन्डाइल त्याच बाजूला' एवढं चित्र डोक्यात बसलं. बाकी सगळं तोंडपाठ. 'लेडी बिटवीन टू मेजर्स' तर झोपेतही म्हणाली असती. पेक्टोरॅलिस मेजर लॅटरल लिपवर, टेरिस मेजर मिडियल लिपवर आणि मधल्या खाचेच्या तळाशी लॅटिसिमस डॉर्साय.

सकाळी टेबलावर तिला उजवं ह्युमरस मिळालं. स्वच्छ, पिवळट, रंगाचा ठिपकाही नाही. तिने ते उचललं आणि डोक्यातल्या चित्राशी जुळवलं. हेड त्याच बाजूला यायला हवं म्हणून हाड फिरवलं. आता बघा काय झालं. डाव्या हाडाचं हेड आत, म्हणजे स्वतःच्या उजवीकडे बघतं. उजव्या हाडाचं हेड तुम्ही तसंच उजवीकडे वळवलंत, तर अख्खं हाड अर्धा फेरा फिरतं आणि त्याची पाठ पुढे येते. तिचं नेमकं हेच झालं. वर 'लेफ्ट ह्युमरस, सर' असं ठणकावून सांगितलं.

व्हायवा इंग्रजीत चालते, पण गाडी अडली की परीक्षक मराठीवर येतात. सर म्हणाले, "बायसेप्सच्या लाँग हेडचं टेंडन कुठून जातं? दाखव." तिने समोर खाच शोधली. नव्हती, ती पलीकडच्या बाजूला गेली होती. तिचं बोट वरपासून खालपर्यंत फिरलं आणि खालच्या मोठ्या खड्ड्यात येऊन थांबलं.

"हा काय आहे?"

"ऑलिक्रेनॉन फॉसा."

"त्यात काय बसतं?"

"अल्नाचं ऑलिक्रेनॉन, कोपर सरळ केल्यावर."

"मग तुझं कोपर कुठल्या बाजूला वाकतं गं?"

तिने हाड टेबलावर ठेवलं, उजवा हात सरळ केला आणि डाव्या हाताने कोपराचं टोक चाचपलं. टोक मागे. म्हणजे खड्डाही मागेच हवा. तिने हाड उचलून फिरवलं, हेड आत वळलं, वरची खाच समोर आली. मग म्हणाली, "सर, हे उजवं आहे."

रात्रभरात तिला सापडलं नव्हतं ते या अर्ध्या मिनिटात सापडलं. हाडाची बाजू चित्राशी जुळवून ठरत नाही, ती स्वतःच्या अंगाला लावून ठरते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात, दोन पुरत नाहीत. वर-खाली, आत-बाहेर आणि पुढे-मागे. ह्युमरसला गोल हेड वर, तेच हेड आतल्या बाजूला (थोडं वर आणि मागेही वळलेलं), आणि ऑलिक्रेनॉन फॉसा मागे. या तिघांपैकी एक सोडलं की डावं-उजवं नुसता अंदाज राहतो. तिने पुढे-मागे सोडलं होतं.

माझा उपाय पद्धतशीर वगैरे नाही, सवयीचा आहे. हाड दंडाशेजारी धरायचं आणि बोलायच्या आधी ती तीन ठिकाणं बोटाने शिवायची. शिवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. अर्धा सेट असेल तर शेजारच्या खोलीत उरलेला अर्धा असतोच, रात्री अकराला जाऊन तासाभरासाठी बदलून आणायचा. आणि खडू ओल्या फडक्याने पुसून टाकायचा. रंगवलेलं हाड शिकायला चांगलं, पण आदल्या रात्री तुम्ही हाड वाचत नसता, रंग वाचत असता.

दुसरी लाडकी चूक म्हणजे नर्व्हची नुसती यादी. ह्युमरसला तीन नर्व्ह अगदी लगटून जातात. सर्जिकल नेकशी अ‍ॅक्सिलरी, मागच्या तिरक्या खाचेत रेडियल, मिडियल एपिकॉन्डाइलच्या मागे अल्नर. हे सगळ्यांना येतं. पुढचा प्रश्न येतो, "शाफ्ट मधोमध मोडला आणि रेडियल नर्व्ह गेली, तर पेशंटला कोपर सरळ करता येईल का?" घाईतली पोरं म्हणतात, "नाही सर, ट्रायसेप्स रेडियलच पुरवते." पुरवते, पण ट्रायसेप्सच्या लाँग हेडची फांदी खाचेत शिरायच्या आधीच निघालेली असते. म्हणून कोपर बहुधा सरळ होतं आणि मनगट मात्र लोंबतं. हे पाठ करावं लागत नाही. हाडावर बोट वरून खाली खाचेतून न्या आणि प्रत्येक फांदी कुठे सुटते ते बोलत जा. त्या मुलीला शेवटी हाच प्रश्न आला. हाड तोवर सरळ धरलेलं होतं, तिने बोट फिरवत उत्तर दिलं.

बाकीच्या किरकोळ चुका:

फिब्युलासाठी रात्रीचे दोन तास देऊ नका. त्याची बाजू ठरवणं सगळ्यात किचकट, आणि तेवढ्या वेळात फीमर, टिबिया, स्कॅप्युला नीट होतात.

किडनी हातात आली की आधी हायलम बघा, ते आतल्या बाजूला. मग पुढून मागे व्हेन, आर्टरी, युरेटर. युरेटर सगळ्यात मागे आणि खाली जाणारा, त्यावरून बाजू सुटते.

पेनाने दाखवू नका. सॉफ्ट पार्टवर फोर्सेप्सने दाखवा आणि दाखवताना स्ट्रक्चर चिमटीत उचला. नुसतं हवेत टोक फिरवलं की परीक्षकाला कळतं की तुम्हाला दिसलेलं नाही.

रात्री एकनंतर नवीन टॉपिक उघडू नका. ग्रुपवर येणाऱ्या 'शंभर टक्के येणारे प्रश्न' पीडीएफ तर अजिबात नाही, त्यांत उत्तरं असतात, हाडं नसतात.

आणि सकाळी उपाशी जाऊ नका. रोल नंबर शेवटचा असेल तर फॉर्मॅलिनच्या वासात दोन-तीन तास उभं राहावं लागतं. अ‍ॅप्रनच्या खिशात एक पार्लेचा पुडा ठेवा, आणि तो हॉलच्या बाहेर येऊन, हात धुऊन खा.