चुकलेल्या तीन पर्यायांची वही

महाटीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेत पहिल्या खेपेला बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राच्या ३० प्रश्नांत माझे १६ बरोबर आले. मागच्या वर्षांचे प्रश्नसंच तर मी दोनदा पूर्ण केले होते. म्हणजे काय केलं होतं, तर प्रश्न वाचायचा, खालच्या उत्तराकडे नजर टाकायची, "हो, बरोबर आहे" म्हणायचं आणि पुढे जायचं. दुसऱ्या फेरीत उत्तरं पाठ असल्यामुळे ३० पैकी २७ यायचे आणि मी खूश व्हायचे. परीक्षेत त्यांतला एकही प्रश्न जसाच्या तसा आला नाही.

माझी एक मामेबहीण तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिने संच हातात घेतला, उत्तरावर पट्टी ठेवली आणि विचारलं, "तुझं उत्तर राहू दे. बाकीचे तीन का नाहीत, ते सांग." मला एकाचंही कारण नीट सांगता आलं नाही. त्या दिवसापासून मी बरोबर उत्तर लिहून ठेवणं बंद केलं. वहीत फक्त चुकलेले तीन पर्याय आणि प्रत्येकापुढे एका ओळीत कारण.

एक प्रश्न पूर्ण उलगडून दाखवते. तिसरीतला एक मुलगा ६३ − २७ = ४४ असं लिहितो. शिक्षिकेने सर्वप्रथम काय करावं? पर्याय असे: वजाबाकीची आणखी दहा उदाहरणं द्यावीत, फळ्यावर योग्य रीत पुन्हा करून दाखवावी, त्याने हे कसं केलं ते त्याला सांगायला लावावं, हुशार मुलाशेजारी बसवावं.

मी तेव्हा दुसरा पर्याय निवडला होता. आता उत्तर ४४ कसं आलं ते पाहा. मुलाने एककात ७ मधून ३ काढले आणि दशकात ६ मधून २. दोन्ही ठिकाणी मोठ्यातून लहान वजा केला. ही हलगर्जी नाही, त्याने स्वतःपुरता एक नियम बनवला आहे आणि तो नियम प्रामाणिकपणे पाळला आहे. दहा उदाहरणं दिली तर तोच चुकीचा नियम दहा वेळा पक्का होईल. फळ्यावरची रीत नंतर लागेलच, पण 'सर्वप्रथम' या शब्दामुळे ती आत्ताचं उत्तर नाही. हुशार मुलाशेजारी बसवण्यात शिक्षिकेला चुकीमागचं कारण कळतच नाही. उरतो तिसरा पर्याय.

अशी पानं भरत गेली तशी चुकीच्या पर्यायांची ठरावीक घराणी दिसू लागली. एक घराणं दोष मुलावर किंवा त्याच्या घरावर ढकलणाऱ्यांचं: 'तो मंद आहे', 'पालक लक्ष देत नाहीत'. हे ओळखायला सोपं. दुसरं घराणं फसवं, उपाय चांगला पण वेळ चुकलेली. फळ्यावरची रीत तिथलीच. 'सर्वप्रथम', 'सर्वांत योग्य', 'मुख्य हेतू' असे शब्द दिसले की हे घराणं पर्यायांत हजर आहे असं समजा. 'नेहमी', 'फक्त', 'कधीच नाही' असलेला पर्याय बहुतेक वेळा चुकीचा असतो असं सगळे सांगतात. ते बरेचदा खरंही ठरतं, पण तेवढ्यावर विसंबू नका.

तिसरं घराणं दुसऱ्याच्या सिद्धांताचं, आणि माझे सर्वांत जास्त गुण इथेच गेले. एक मुलगी ठोकळे रचताना स्वतःशीच पुटपुटते, "आता मोठा, मग छोटा." हा प्रसंग वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो. प्रश्नात पियाजे या मानसशास्त्रज्ञाचं नाव असेल तर उत्तर आत्मकेंद्री बोलणं, म्हणजे समोरच्याचा दृष्टिकोन अजून लक्षात न घेता येण्याचं लक्षण. वायगॉट्स्कीचं नाव असेल तर तेच पुटपुटणं विचाराला वळण देणारं साधन ठरतं आणि पुढे ते मनातल्या मनात चालू राहतं. प्रसंग एकच, चारांत दोन्ही पर्याय हजर, निवाडा प्रश्नातल्या एका नावावर. मी प्रसंग वाचून उत्तर द्यायचे आणि नाव डोळ्यांवरून निसटायचं. 'मूल सक्रिय असेल तो पर्याय निवडा' ही सर्वत्र सांगितली जाणारी युक्ती इथे काही कामाची नाही. ती शिक्षकाने काय करावं या प्रश्नांपुरती चालते. कोण काय म्हणालं हे विचारलं की पियाजेच्या चार अवस्था, वायगॉट्स्की आणि कोलबर्गच्या नैतिक विकासाच्या तीन पातळ्या मुळातून वाचलेल्या असाव्याच लागतात.

चौथं घराणं विधान खरं असूनही प्रश्नाचं उत्तर नसलेल्यांचं. केंद्राच्या सीटीईटी परीक्षेच्या अलीकडच्या संचांत विधान आणि कारण अशा जोड्या असतात, तिथे हे जास्त भेटतं. समजा विधान आहे, 'वर्गात गटकार्य द्यावं', आणि कारण दिलं आहे, 'चुका हा शिकण्याचाच भाग आहे'. दोन्ही खरी आहेत. आता दोघांच्या मध्ये 'कारण' हा शब्द घालून मोठ्याने वाचा: गटकार्य द्यावं, कारण चुका हा शिकण्याचा भाग आहे. वाक्य जुळत नाही. म्हणजे दोन्ही बरोबर, पण दुसरं पहिल्याचं स्पष्टीकरण नाही. हे मोठ्याने वाचणं घरी इतकं करा की परीक्षेत मनात ऐकू यावं.

जुन्या संचांचा एक धोका मला उशिरा कळला. काही उत्तरं जुनी होतात. दिव्यांगत्वाचे प्रकार किती, याचं १९९५च्या कायद्यानुसार उत्तर ७ होतं. २०१६च्या कायद्यानुसार ते २१ आहे. इयत्तेत मागे न ठेवण्याच्या तरतुदीचंही तसंच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत कोणालाच मागे ठेवता येत नव्हतं, २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची वाट मोकळी केली. म्हणून कायदा, धोरण, मूल्यमापन यांवरचा प्रश्न आला की मी समासात पेन्सिलीने संचाचं वर्ष लिहायचे आणि उत्तर आजच्या तरतुदीशी ताडून पाहायचे. मुलांच्या विकासावरच्या प्रश्नांना ही कटकट नाही. उत्तरसूचीही अंतिमच घ्या. आधी निघते ती तात्पुरती असते, आक्षेपांनंतर काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. मी एका संचातलं रद्द झालेल्या प्रश्नाचं उत्तर आठवडाभर समजून घेत बसले होते.

किती संच करावेत? मी सहा केले, म्हणजे १८० प्रश्न. रोज दहाच, कारण दहा प्रश्नांचे तीस पर्याय कारणांसह लिहायला तास-दीड तास जातो. चौथ्या संचापासून कारणं आपोआप सुचू लागली, तेव्हा लिहिणं कमी करून फक्त घराण्याचा आकडा टाकू लागले. सहावा संच मात्र हात न लावता बाजूला ठेवला होता. तो घड्याळ लावून सोडवला, ३० प्रश्नांना ३० मिनिटं, कारण अख्ख्या पेपरात १५० प्रश्नांना १५० मिनिटंच मिळतात. ऋण गुण नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हेही तिथेच अंगवळणी पडलं.

दुसऱ्या खेपेला ३० पैकी २५ आले. चुकलेल्या पाचांतले तीन प्रश्न 'खालीलपैकी कोणते योग्य नाही' अशा धाटणीचे निघाले. चांगला पर्याय शोधायची इतकी सवय झाली होती की पहिला चांगला दिसताच खूण करून मोकळी झाले. आता असा प्रश्न दिसला की 'नाही'भोवती गोल करते, चारही पर्यायांपुढे बरोबर-चूक अशी खूण टाकते आणि जो एकटा पडतो तोच उत्तरपत्रिकेत रंगवते.