सीमाभागातील मुलांनी भरतीचा अर्ज भरण्यापूर्वी

केंद्रीय राखीव पोलीस दलातून हवालदार असताना स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी खानापूर तालुक्यातील गावी परतलो. पहाटे मैदानावर भरतीच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलांची उंची मी त्यांना धावायला लावण्याआधी भिंतीला टेकवून मोजतो, कारण कोणत्या भरतीची तयारी करायची हे बहुतेक वेळा तिथेच ठरते.

अलीकडे आलेला एक मुलगा मराठी माध्यमातून बारावी झालेला, एकोणीस वर्षांचा, मराठा समाजातला आणि उंचीने 167 सेंटिमीटर होता. कर्नाटकात सिव्हिल कॉन्स्टेबलसाठी पुरुषांना 168 सेंटिमीटर उंची लागते, त्यामुळे लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही एका सेंटिमीटरने तो बाहेर पडला असता. केंद्रीय दलांसाठी कर्मचारी निवड आयोग जी ‘जीडी कॉन्स्टेबल’ भरती घेतो, तिला दहावी पुरते. उंचीची सर्वसाधारण अट 170 असली तरी मराठा उमेदवारांना 165 पर्यंत सवलत आहे. ही सवलत नुसत्या आडनावावर मिळत नाही. जाहिरातीसोबतच्या नमुन्यातच महसूल अधिकाऱ्याचा दाखला हवा, आणि तो मोजमापाच्या दिवशी हातात नसेल तर मुलगा घरी परततो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांची अट 165 आहे आणि महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील मराठी भाषिकांना तिथे अर्ज करता येतो; त्यासाठी गाव यादीत असल्याचा व पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो.

मात्र 865 गावांचा हा दाखला केंद्राच्या भरतीत चालत नाही. तिथे जागा राज्यवार वाटलेल्या असतात आणि आपण कर्नाटकाचेच रहिवासी धरले जातो. त्याच जाहिरातीत ‘सीमावर्ती जिल्हे’ म्हणून वेगळ्या जागा दिसतात, पण त्या आंतरराष्ट्रीय सीमेवरील जिल्ह्यांच्या असतात. आपण स्वतःला सीमाभाग म्हणवतो म्हणून बेळगाव त्यात येत नाही.

धावण्याची तयारीही या दोन वाटांवर निराळी आहे. जीडीमध्ये आधी संगणकावरची परीक्षा होते, जी 2024 पासून मराठीतही देता येते, आणि नंतर पुरुषांना 5 किलोमीटर 24 मिनिटांत धावायचे असते. त्याला गुण नाहीत, केवळ उत्तीर्ण व्हायचे असते. म्हणजे 400 मीटरच्या मैदानाची फेरी एक मिनिट पंचावन्न सेकंदांत, पण ती साडेबारा वेळा. मुले पहिल्या दोन फेऱ्या दीड मिनिटात मारतात आणि आठव्या फेरीला चालू लागतात, म्हणून मी त्यांना घड्याळ पाहून मुद्दाम हळू सुरुवात करायला लावतो. महाराष्ट्रात मैदान आधी असते आणि तिथे सेकंदाला किंमत आहे: 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत आले तरच पूर्ण 20 गुण, म्हणजे प्रत्येक फेरी साधारण 77 सेकंदांची. संथ लांब धावण्यावर वाढलेला मुलगा इथे मागे पडतो. त्याने आठवड्यातून दोन दिवस 400 मीटरच्या वेगवान फेऱ्या मध्ये विश्रांती घेत माराव्यात, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक राहतेच.

आपल्याकडे पावसाळ्यात मैदानात पाणी साचते आणि सगळी मुले डांबरी रस्त्यावर धावू लागतात. मग नडगी दुखते. दुखणे हाडाच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेले असेल तर धावणे निम्म्यावर आणून बहुधा भागते. परंतु बोट ठेवल्यावर एकाच जागी कळ येत असेल आणि चालतानाही दुखत असेल तर हाडाला बारीक चीर असण्याचा संभव असतो. तेव्हा धावणे पूर्ण थांबवून हाडांच्या डॉक्टरकडे गेलेच पाहिजे.

उरला पुढच्या आयुष्याचा प्रश्न. महाराष्ट्र पोलिसांत भरती घटकवार होते, त्यामुळे कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गात लागलेला मुलगा सणाला बंदोबस्तावर असला तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येऊन जातो. केंद्रीय दलात वर्षाला 60 दिवस अर्जित आणि 15 दिवस किरकोळ रजा आहे, आणि ऐकायला ती भरपूर वाटते. परंतु कंपनीतले किती जवान एका वेळी बाहेर जाऊ शकतात यावर ती अवलंबून असते. निवडणूक लागली की मंजूर रजाही पुढे ढकलली जाते, आणि छत्तीसगड किंवा ईशान्येतून खानापूरला पोहोचण्यात काही दिवस जातात. बायको-मुले बहुधा गावीच राहतात, कारण कंपनी सारखी हलते. दहा, वीस आणि तीस वर्षांनी वेतनस्तर वाढतो, पण हुद्दा वाढेलच असे नाही. माझ्या बरोबरीच्यांना जुनी पेन्शन मिळते. 2004 नंतर आलेल्यांच्या पगारातून मात्र निवृत्तिवेतन योजनेसाठी दरमहा मूळ वेतन आणि महागाई भत्त्याचे 10 टक्के कापले जातात, तेव्हा हाती येणाऱ्या रकमेचा हिशेब त्या कपातीनंतरचाच धरावा.