विजेता फोटो बाद का झाला: चिकटवलेला चंद्र कसा ओळखला

नमस्कार,

स्पर्धेत विजेता ठरलेला तुमचा फोटो बाद करून निकाल का बदलला, असं तुम्ही विचारलंत. कळंगुटला संध्याकाळी रापण ओढणाऱ्यांच्या काळ्या आकृत्या आणि मागे समुद्रावर टेकलेला पूर्ण चंद्र, हा फोटो सगळ्याच परीक्षकांच्या नजरेत भरला होता. किनाऱ्याचा आणि त्यावर चिकटवलेल्या चंद्राचा, दोन्ही फोटो तुमचेच आहेत, हेही मान्य. पण नियम मालकीचा नाही, एकाच एक्स्पोजरचा आहे.

पहिली शंका दिशेमुळे आली. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, त्यामुळे सूर्य मावळताना तो पूर्वेला, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या माडांवर उगवतो. संध्याप्रकाशात समुद्रावर उतरलेली दिसते ती फार तर कोर.

मग आकार मोजला. सेन्सरवर चंद्राचा व्यास साधारण फोकल लेंग्थ भागिले ११० एवढा पडतो. तुमची लेन्स २४ मिमीची, म्हणजे चंद्र ०.२२ मिमी. ३६ मिमी रुंद सेन्सरवर ६००० पिक्सेल असतील, तर तो जेमतेम ३६ पिक्सेलचा यायला हवा. तुमच्या फोटोत तो ४१० पिक्सेल आहे. त्यासाठी २७० मिमीची लेन्स लागेल. क्षितिजाजवळ चंद्र मोठा वाटतो तो डोळ्यांना, कॅमेऱ्याला नाही. क्रॉप केल्याचं म्हणाल, तर फोटो जवळजवळ पूर्ण रुंदीचा आहे. शेवटी RAW फाइल मागवली, तर तिच्यात चंद्रच नव्हता.

उजेड, रंग, थोडं क्रॉप, सेन्सरवरची धूळ पुसणं चालतं. बाहेरून काही आणून बसवणं चालत नाही, मग ते कितीही सफाईने केलेलं असो. कॅमेऱ्यातलं डबल एक्स्पोजरही दोनच एक्स्पोजर, त्यामुळे ती पळवाट नाही. कंपोझिटसाठी वेगळा विभाग असेल, तर तिथे पाठवा आणि तसं नमूद करा.

असाच फोटो खरा हवा असेल, तर पौर्णिमेच्या आसपास पहाटे जा. तेव्हा चंद्र समुद्रावर मावळतो. ४०० मिमी लेन्सवर तो सुमारे ६०० पिक्सेलचा येतो. होडी चंद्राएवढी रुंद दिसायला तिच्या लांबीच्या ११० पट दूर उभं राहावं लागतं: ६ मीटरची आडवी होडी असेल, तर ६६० मीटर. रापणकार पाण्याच्या काठाशीच असतात, वाळूवर मागे सरकायला एवढी जागा मिळत नाही, म्हणून पाण्यातली होडीच सोपी. फार अंधारात काढलात तर चंद्राचे डाग जपताना होडी काळी पडेल. सूर्योदयाच्या आसपास दोन्हींचा उजेड जुळतो. क्षितिजावर धुकट थर असेल, तर चंद्र पाण्याला टेकण्याआधीच विरतो, तेव्हा तो थोडा वर असतानाच क्लिक करा. आणि मूळ RAW सोबत आधीची-नंतरची एकेक फ्रेमही जपून ठेवा. पुढच्या वेळी आम्ही त्याच मागू.