पायलटचा निकष आधी कागदावर

खर्चाची बिलं मंजूर करणारी नवी प्रणाली सगळ्या कंपनीत लावण्याआधी मोजक्या ठिकाणी चालवून बघायला पायलट घेताय? मग 'पुढे जायचं' की 'थांबायचं' याचा आकडा पहिल्या दिवसाआधीच लिहून साहेबांची सही घ्या. नंतर ठरवलेला निकष हाती आलेल्या निकालाला साजेसाच निघतो!

समजा ठरलं, 10 पैकी 8 बिलं तीन दिवसांत मंजूर व्हावीत. उत्साही मुख्यालयाबरोबर रडतखडत नेटवर्क असलेला एखादा डेपोही घ्या आणि मधे महिनाअखेर येऊ द्या. मुख्यालयात 9 आणि डेपोत 5 झाली, तर सरासरी काढून 'जवळपास जमलं' म्हणू नका. डेपोत अडलं कुठे ते शोधा. लोक जुनी एक्सेल शीट अजून गुपचूप भरत असतील, तर आकडे चांगले असूनही थांबा.