या चुका टाळा: ‘तुमचे खाते आज बंद होणार’ हा मेसेज खरा की खोटा, कसा ओळखाल?

‘तुमचे खाते आज ब्लॉक होईल, ताबडतोब केवायसी अपडेट करा’ असा मेसेज आला की बहुतेक जण एकच गोष्ट पाहतात: वर बँकेचे नाव आहे का. नाव दिसले की मेसेज खरा, नाही दिसले की खोटा. चूक इथूनच सुरू होते, कारण मेसेजमध्ये बँकेचे नाव लिहिणे कोणालाही जमते. खरे-खोटे ठरवायचे तर तीन गोष्टी वाचाव्या लागतात. मेसेज कुठून आला, त्यातली लिंक कुठे नेते, आणि त्यात ‘आज’ हा शब्द का आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात भक्कम आहे आणि तीच लोक पाहत नाहीत, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

‘आज’ या शब्दावर विश्वास ठेवणे

बँकेच्या केवायसीची मुदत अचानक एका दिवसात संपत नाही आणि त्यासाठी खाते एका दिवसात बंदही होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार जास्त जोखमीच्या ग्राहकाची केवायसी दर २ वर्षांनी, मध्यम जोखमीच्या ग्राहकाची ८ वर्षांनी आणि कमी जोखमीच्या ग्राहकाची १० वर्षांनी नव्याने करायची असते. गावातली साधी बचत खाती आणि जनधन खाती सहसा कमी जोखमीत येतात, म्हणजे त्यांची पाळी १० वर्षांनी येते.

१२ जून २०२५ च्या सूचनांनी हे आणखी स्पष्ट केले. मुदत संपण्याआधी बँकेने ग्राहकाला किमान ३ वेळा कळवायचे, आणि त्यातले एक कळवणे पत्राने असले पाहिजे. मुदत उलटल्यावरही किमान ३ आठवणी द्यायच्या, त्यातही एक पत्र. शिवाय कमी जोखमीच्या ग्राहकाला मुदत उलटल्यानंतर एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत व्यवहार करू द्यायचे. एवढी लांब वाट असताना सकाळी पहिला मेसेज आणि रात्री खाते बंद, हे गणित बसतच नाही. पोस्टाने पत्र आले नसेल तर एक शक्यता मात्र तपासा: पासबुकावरचा पत्ता जुना किंवा अर्धवट असला तर पत्र पोचत नाही. पुढच्या वेळी शाखेत गेलात की तो दुरुस्त करून घ्या.

खाते थांबते अशी दोन खरी कारणे आहेत, तीही माहीत असावीत. सलग २ वर्षे तुम्ही स्वतः एकही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. आणि सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून एखादे खाते किंवा त्यातली रक्कम गोठवली जाते. पण यांपैकी कोणतीही गोष्ट मेसेजमधली लिंक दाबून सुटत नाही. दोन्हींसाठी बँकेशीच बोलावे लागते.

विदर्भातल्या गावांत हा मेसेज खरा वाटतो त्याला आणखी एक कारण आहे. पीएम किसानची ई-केवायसी, लाडक्या बहिणीची ई-केवायसी आणि बँकेची केवायसी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पण सगळ्यांचे नाव एकच असल्याने डोक्यात सरमिसळ होते. ‘ई-केवायसी नाही तर हप्ता नाही’ हे ऐकून ऐकून कान तयार झालेले असतात, मग ‘केवायसी नाही तर खाते बंद’ हेही पटते. पीएम किसान किंवा लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी राहिली तर योजनेचा पैसा अडू शकतो, बँक खाते त्यामुळे ब्लॉक होत नाही. तसेच विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. ‘बँक बदलली, आजच अपडेट करा’ म्हणणारा मेसेज अशा खऱ्या बातमीच्या आडोशाने येऊ शकतो.

फक्त वरचे नाव पाहणे

मेसेज दहा अंकी मोबाइल नंबरवरून आला असेल, मग तो साधा असो की व्हॉट्सॲपवरचा, तो बँकेचा नाही असे धरून चला. व्हॉट्सॲपवर डीपीला बँकेचा लोगो असणे हा पुरावा नव्हे, तो कोणीही लावतो.

बँकेचा मेसेज साधारण `AD-SBIBNK-S` अशा नावाने येतो. पहिली दोन अक्षरे मोबाइल कंपनी आणि विभाग सांगतात. मधले नाव पाठवणाऱ्याने नोंदवलेले असते. शेवटचे अक्षर २०२५ पासून लागते: `T` व्यवहारासाठी, `S` सेवेसाठी, `P` जाहिरातीसाठी, `G` सरकारी मेसेजसाठी. मधले नाव कोणाच्या नावावर नोंदले आहे ते `smsheader.trai.gov.in` वर पाहता येते.

इथे एक मर्यादा नीट लक्षात घ्या. नंबर दहा अंकी असला तर मेसेज खोटा धरून चालता येते, पण नाव बरोबर दिसले म्हणून तो खरा म्हणता येत नाही. नोंदवलेल्या नावांचा गैरवापर झाला आहे. शिवाय फोन एकाच नावाचे मेसेज एकाखाली एक लावतो, त्यामुळे नाव चोरून पाठवलेला मेसेज बँकेच्या जुन्या, खऱ्या मेसेजच्या रांगेत जाऊन बसू शकतो.

अशुद्ध इंग्रजी दिसली तरच मेसेज खोटा, हा समजही आता सोडा. फसवणुकीचे मेसेज नीट मराठीतही येतात. त्यात तुमचे नाव किंवा खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर असले तरी काही सिद्ध होत नाही. ही माहिती फुटते आणि विकली जाते.

लिंक डावीकडून वाचणे

आता एक मेसेज जवळून पाहू. पत्ता मुद्दाम बदललेला आहे, पण घडण तीच असते:

```
Dear customer, your SBI account will be
blocked today. Update PAN/KYC:
sbi.bank.in.kyc-pan.example/login
Call manager 98XXXXXX10
```

डोळ्याला आधी `sbi.bank.in` दिसते आणि मन निश्चिंत होते. पण वेबसाइटचा पत्ता मालकाचे नाव शेवटी सांगतो. म्हणून पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा (`https://` मधल्या दोन रेघा सोडून) आणि तिथून डावीकडे वाचत या. इथे रेघेच्या लगेच आधी `kyc-pan.example` आहे, म्हणजे साइट त्याची. सुरुवातीचे `sbi.bank.in` हे नुसते दाखवायला जोडलेले आहे.

रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत `.bank.in` या पत्त्यावर यायला सांगितले होते. स्टेट बँकेचा पत्ता `sbi.bank.in` आहे. तिरकी रेघ येण्याआधी पत्ता `.bank.in` वर संपत नसेल तर तिथे खाते क्रमांक, पासवर्ड, ओटीपी काहीच टाकू नका. `bit.ly` सारखी छोटी लिंक असेल तर शेवटी कुठे नेणार ते वाचून कळतच नाही, म्हणून ती उघडूच नका.

या मेसेजमध्ये पत्ता, मोबाइल नंबर आणि ‘today’ या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. यातली एकही दिसली तरी पुरे.

मेसेजमधल्याच नंबरवर खात्री करणे

ही चूक सावध माणसेही करतात. लिंक दाबत नाहीत, पण ‘मॅनेजर’च्या नंबरवर फोन लावतात. पलीकडचा माणूस ‘काका, घाबरू नका, मी करून देतो’ म्हणत एटीएम कार्डाचे आकडे, मग ओटीपी मागतो, नाहीतर एखादे ॲप टाकायला लावतो. गुगलवर कस्टमर केअर शोधून सापडलेला पहिला नंबर घेणेही तितकेच धोक्याचे, कारण तिथे बनावट नंबर टाकून ठेवलेले असतात. नंबर घ्यायचा तो पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून.

गावच्या शाखेतला साहेब किंवा बँक मित्र कधी कधी खरोखर स्वतःच्या मोबाइलवरून केवायसीसाठी फोन करतो. त्याला अपमान वाटेल म्हणून फोनवर माहिती द्यायची गरज नाही. ‘बाजाराच्या दिवशी येतो, तेव्हा पाहू’ एवढे म्हणा. खरा माणूस याला कधीच हरकत घेत नाही.

शनिवार-रविवारी बँक बंद असताना मेसेज आला तर खाते चालू आहे का ते स्वतः पाहा. एटीएममधून शंभर-दोनशे रुपये काढून पाहा, नाहीतर ग्राहक सेवा केंद्रावर बोटाचा ठसा देऊन शिल्लक तपासा. पैसे निघाले तर खाते ब्लॉक नाही, आणि बँक उघडेपर्यंत थांबता येते. केवायसी खरोखर बाकी असेल तर आधार घेऊन शाखेत जा. पत्ता किंवा इतर माहिती बदलली नसेल तर साधे स्वयंघोषणापत्र चालते, आणि ते बँक मित्राकडेही देता येते.

फाइल उघडणे

मेसेजसोबत `KYC.apk` सारखी फाइल आली तर ती कागद किंवा फोटो नाही, ते ॲप आहे. ते टाकताना मेसेज वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की तुमचा ओटीपी तुम्ही न सांगताच पलीकडे पोचतो. त्यामुळे ‘मी तर ओटीपी कोणाला दिलाच नाही’ म्हणणाऱ्याचेही पैसे जातात. ही फाइल गावच्या ग्रुपवर, ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून येऊ शकते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. कोणतीही बँक केवायसीसाठी अशी फाइल पाठवत नाही.

दाबून झाले असेल तर

फाइल टाकली गेली असेल तर आधी त्या फोनचा नेट आणि वायफाय बंद करा. सिम काढून साध्या बटनांच्या फोनमध्ये टाका, म्हणजे ओटीपी बिघडलेल्या फोनवर जाणार नाही. मग तिथूनच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. हातात खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक ठेवा. यूपीआयचा हा क्रमांक १२ अंकी असतो आणि पैसे कटल्याच्या मेसेजमध्ये दिसतो. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवायचे असतात, म्हणून घरच्यांशी चर्चा करायला थांबू नका. तक्रार `cybercrime.gov.in` वरही नोंदवता येते.

लगेच बँकेच्या नंबरवर कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग तिन्ही बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक आणि वेळ कागदावर लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असला तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. ती वेळ त्यासाठीच हवी. बिघडलेला फोन फॅक्टरी रिसेट केल्याशिवाय त्यावर बँकेचे ॲप पुन्हा उघडू नका, आणि सगळे पिन दुसऱ्या फोनवरून बदला.

पैसे गेले नसतील, नुसता मेसेज आला असेल, तर तो पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढून `sancharsaathi.gov.in` वरच्या ‘चक्षू’ विभागात कळवा.