कमिटी मीटिंगचा अजेंडा ग्रुपवर कसा टाकायचा, म्हणजे लोक वाचून येतील

मी आमच्या ४० फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, कमिटीत आम्ही ११ जण. पहिल्या वर्षी माझी पद्धत अशी होती की शनिवारी रात्री ग्रुपवर "उद्या सकाळी १०.३० ला मीटिंग, सगळ्यांनी वेळेवर यावे" एवढं टाकायचं आणि खाली हात जोडलेला इमोजी. सगळे वेळेवर यायचेसुद्धा. पण आले की पहिला अर्धा तास "आज विषय काय आहे" यातच, मग मी कोटेशन वाचून दाखवणार, दोघं चहा पिणार, एकजण मोबाईल बघणार आणि शेवटी "पुढच्या मीटिंगला ठरवू". गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय आमच्याकडे असाच तीन महिने फिरत राहिला, तेवढ्यात पाऊस आला. त्यानंतर हळूहळू जी पद्धत बसली ती त्याच गच्चीच्या उदाहरणावरून सांगतो.

आधी उलटी मोजणी

मीटिंग रविवारी आहे असं धरू. आदर्श उपविधींप्रमाणे कमिटीच्या मीटिंगला तीन पूर्ण दिवसांची नोटीस लागते (तुमच्या सोसायटीच्या रजिस्टर झालेल्या उपविधींत काय लिहिलंय ते एकदा स्वतः बघून घ्या). पूर्ण दिवस म्हणजे नोटीस दिली तो दिवस धरायचा नाही आणि मीटिंगचा दिवसही धरायचा नाही, म्हणून गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे तीन मोकळे हवेत, म्हणजे बुधवार ही शेवटची तारीख. मी मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर, साधारण ९ वाजता टाकतो. सकाळी टाकलं तर ते गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं, हा स्वानुभव.

त्याआधीच्या शुक्रवारी मी एकच मेसेज टाकतो: "पुढच्या रविवारच्या मीटिंगसाठी कुणाचा विषय असेल तर सोमवार रात्रीपर्यंत कळवा, सोबत कागद असतील तर तेही." सोमवारनंतर आलेला विषय पुढच्या महिन्यात, पाणी बंद पडलं किंवा लिफ्ट अडकली असं काही असेल तर गोष्ट वेगळी. सुरुवातीला लोक रागावले, दोन महिन्यांत सवय झाली. मंगळवारी दुपारी मी आणि चेअरमन काका फोनवर दहा मिनिटं बोलून विषयांचा क्रम लावतो. कटकटीचा विषय दुसरा ठेवायचा. पहिला ठेवला तर उशिरा येणारे हुकतात आणि मग "आमच्या मागे ठरवलं" सुरू होतं, शेवटी ठेवला तर लोकांना जेवायला जायची घाई असते.

विषय नाव म्हणून लिहू नका, काय ठरवायचं ते लिहा

माझ्या जुन्या अजेंड्यात असायचं "१) गच्ची २) पार्किंग ३) सिक्युरिटी". यावरून माणूस घरून काय विचार करून येणार? आता तोच विषय असा लिहितो: "गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेल्या तीन कोटेशनपैकी कोणाची शिफारस जनरल बॉडीकडे करायची ते ठरवणे." यातला "शिफारस" शब्द मुद्दाम आहे. एवढा मोठा खर्च कमिटी परस्पर मंजूर करू शकत नाही, तो जनरल बॉडीत जातो. हे अजेंड्यातच दिसलं की मीटिंगमध्ये "आपल्याला अधिकार आहे का" हा अर्ध्या तासाचा वाद होत नाही.

प्रत्येक विषयापुढे तीन शब्दांपैकी एक लिहितो: माहिती, चर्चा किंवा निर्णय. ज्याच्यापुढे "निर्णय" आहे तेवढंच वाचून आलात तरी चालेल, असं मी सगळ्यांना उघड सांगितलंय. पाच विषयांचं सगळं वाचून या म्हटलं की लोक काहीच वाचत नाहीत.

वाचायचा कागद: मूळ कोटेशन पाठवू नका, तक्ता पाठवा

खरी मेहनत इथे आहे. पूर्वी मी तिन्ही कोटेशनचे मोबाईलवर काढलेले फोटो ग्रुपवर टाकायचो, एकूण १४ फोटो, त्यातले दोन तिरके आणि एकात माझा अंगठा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की क्वालिटी कमी होते, आकडे झूम करूनही धड वाचता येत नाहीत. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवा. पण मुळात कमिटी मेंबरने १४ पानं का वाचावी?

गच्ची ४,२०० चौरस फूट. पहिल्या ठेकेदाराचा रेट ९५ रुपये चौरस फूट, खाली बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा". दुसऱ्याने सरसकट ४,४५,००० दिले होते, जीएसटीसकट. तिसरा ११२ रुपये चौरस फूट, जीएसटीसकट. आता नुसते कागद बघितले तर कुणीही म्हणेल पहिला स्वस्त, तिसरा महाग. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं, एक गट पहिल्याच्या बाजूने, एक दुसऱ्याच्या, आणि प्रत्येकजण वेगळाच आकडा धरून भांडत होता.

मग मी एक संध्याकाळ बसून तिन्ही एका मापात आणले. पहिल्याचे ३,९९,००० होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी ७१,८२० म्हणजे एकूण ४,७०,८२०. तिसऱ्याचे ४,७०,४००. दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये जुना कोबा फोडणं आणि मलबा खाली उतरवून उचलून नेणं धरलेलंच नव्हतं, फोन करून विचारलं तर म्हणाला अजून ३०,००० लागतील, म्हणजे ४,७५,०००. तिघांमध्ये पाच हजाराचाही फरक नाही! म्हणजे तीन महिने आम्ही ज्या मुद्द्यावर भांडलो तो मुद्दाच नव्हता. खरा फरक वॉरंटीत होता (५, १० आणि ७ वर्षं) आणि काम झाल्यावर गच्चीवर पाणी भरून ठेवायची टेस्ट कोण लेखी द्यायला तयार आहे यात.

हे सगळं एका पानावर बसतं. वर दोन ओळीत प्रश्न काय आहे, मध्ये तक्ता, खाली "मीटिंगमध्ये ठरवायचं ते" म्हणून दोन प्रश्न. माझं स्वतःचं मत त्यात लिहायचं नाही, नाहीतर सेक्रेटरीने आधीच ठेकेदार ठरवलाय अशी कुजबुज होते. मूळ कोटेशन ज्याला बघायची त्याच्यासाठी फाईल ऑफिसमध्ये ठेवलेली असते, ते पानाच्या तळाशी लिहायचं.

फाईलला नाव नीट द्या. स्कॅन अॅपने दिलेलं आकड्यांचं लांबलचक नाव असेल तर मीटिंगच्या दिवशी कुणालाच ती सापडत नाही. मी "रविवार १२ - विषय २ - गच्ची" असं ठेवतो. आणि पाठवल्यावर चूक सापडली तर जुनी फाईल सगळ्यांसाठी डिलीट करून मगच नवी टाकायची, नाहीतर मीटिंगला अर्धे जुना तक्ता घेऊन बसतात.

ग्रुपवर टाकताना

मेसेज एकच, असा:

"कमिटी मीटिंग, रविवार १२, सकाळी १०.३० ते १२, सोसायटी ऑफिस.
१) मागच्या मीटिंगचं इतिवृत्त कायम करणे (निर्णय, ५ मि.)
२) गच्ची वॉटरप्रूफिंग: कोणाची शिफारस करायची (निर्णय, ४० मि.) सोबतचं एक पान वाचून या
३) व्हिजिटर पार्किंगच्या तक्रारी (चर्चा, २० मि.)
४) वॉचमन एजन्सीचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय (माहिती, ५ मि.)
५) अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय
विषय २ बद्दल प्रश्न असतील तर शुक्रवार रात्रीपर्यंत इथेच विचारा."

लगेच खाली पीडीएफ, आणि अजेंड्याचा मेसेज ७ दिवसांसाठी पिन. त्यानंतर दोन-तीन तास ग्रुपवर दुसरं काही टाकू नका, स्वतः तर अजिबात नाही.

टाकण्याआधी ग्रुपचं नाव दोनदा वाचा. एकदा मी थकबाकीदारांच्या नावांची यादी कमिटीच्या ग्रुपऐवजी सगळ्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, मिनिटभरात डिलीट केली पण तोपर्यंत ज्यांनी बघायची त्यांनी बघितली होती, आणि त्यातल्या एका काकूंनी पुढे दोन महिने माझ्याशी लिफ्टमध्ये बोलणं बंद केलं. तेव्हापासून नावं आणि रकमा असलेला कागद ग्रुपवर जातच नाही, मीटिंगमध्ये हातात देतो आणि परत घेतो.

कमिटीतले दोन ज्येष्ठ पीडीएफ उघडत नाहीत. त्यांना दोन प्रिंट काढून बुधवारी घरी देतो, मोठ्या अक्षरात, आणि त्याच फेरीत सगळ्यांची नोटीसच्या रजिस्टरवर सही घेतो. ग्रुप सोयीचा आहे, पण उद्या कुणी म्हटलं मला नोटीसच मिळाली नाही तर सही कामाला येते.

वाचलं की नाही हे कसं कळणार

मेसेजवर दाबून धरलं की इन्फोमध्ये कुणी बघितला ते दिसतं, आणि ज्यांनी निळ्या टिका बंद केल्यात त्यांचंसुद्धा ग्रुपमध्ये दिसतं. पण मेसेज बघितला म्हणजे पीडीएफ उघडली असं नाही. "ओके सर" आणि अंगठा यांचाही काही उपयोग नाही. म्हणून गुरुवारी मी एक असा प्रश्न टाकतो ज्याचं उत्तर पान उघडल्याशिवाय देता येत नाही: "तक्त्यात वॉरंटीच्या ओळीबद्दल ठेकेदाराला अजून काय विचारायचं ते सांगा, मी शनिवारी फोन करणार आहे." गच्चीच्या वेळी चार जणांनी उत्तरं दिली आणि त्यातून एक भारी मुद्दा आला, की १० वर्षांची वॉरंटी नुसत्या मटेरियलची आहे की कामाचीही? फोन केला तर ती मटेरियलचीच निघाली. मीटिंगमध्ये हा प्रश्न निघाला असता तर "विचारून सांगतो" म्हणत अजून एक महिना गेला असता.

प्रश्न आणि मत यात मात्र फरक करा. कुणी ग्रुपवरच "माझं मत तिसऱ्याला" लिहिलं की लगेच दुसरा विरोधात लिहितो आणि मग रविवारी दोघंही आपलं म्हणणं सोडत नाहीत. मी तिथेच लिहितो, "मत रविवारी ऐकू, आत्ता फक्त माहिती विचारा." पोल तर टाकूच नका. निर्णय कोरम असलेल्या मीटिंगमध्ये होतो आणि इतिवृत्तात लिहिला जातो, आमच्या ११ जणांत त्यासाठी निदान ६ हजर लागतात. ग्रुपवर सात अंगठे आले म्हणून ठराव झाला असं होत नाही.

शनिवारी संध्याकाळी आठवण करताना पूर्ण अजेंडा परत टाकायचा नाही, मूळ मेसेजलाच रिप्लाय करायचा म्हणजे टॅप केलं की थेट तिथे जातं. सोबत आलेल्या प्रश्नांची उत्तरं तीन-चार ओळीत.

मीटिंगमध्ये मी आता कोटेशन वाचून दाखवत नाही. "पान सगळ्यांकडे आहे, वॉरंटीपासून सुरू करू" एवढंच म्हणतो. न वाचून आलेल्याला पाच मिनिटं गप्प बसून तिथेच वाचायला देतो, पण त्याच्यासाठी पहिल्यापासून सांगत बसत नाही. गच्चीचा विषय ४० मिनिटं धरला होता, ३५ मध्ये संपला, ७ वर्षं कामासकट वॉरंटी देणाऱ्या तिसऱ्याची शिफारस झाली. अडचण अजून आहे ती "आयत्या वेळचे विषय" या ओळीची. परवाच एकाने त्यात सीसीटीव्हीचं सव्वा लाखाचं कोटेशन खिशातून काढलं. चेअरमन काका म्हणाले, "सोमवारपर्यंत सेक्रेटरीकडे द्या, पुढच्या अजेंड्यात येईल."