“डायबेटिस नसता तर पाय कापावा लागला असता का?”

मोटार अपघात दाव्यात ज्युनियर म्हणून बसायला लागून मला तेव्हा चार महिने झाले होते. आमचा अर्जदार ४७ वर्षांचा रिक्षावाला होता. रस्त्याच्या कडेला उभा असताना एका भरधाव मोटारसायकलने त्याला उडवलं आणि उजव्या पावलाला जखम झाली. जखम चिघळली आणि पाचव्या आठवड्यात पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याला अकरा वर्षांपासून साखरेचा आजार होता. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी डॉक्टरांना विचारलं, “यांना डायबेटिस नसता तर पाय कापावा लागला असता का?” डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, “बहुतेक नाही.”

मला वाटलं, गेली केस. बाहेर आल्यावर सरांना तसं म्हणालोही. ते चहा पीत म्हणाले, “अरे, त्यांनी आपल्यासाठी पुरावा नोंदवून दिला. एगशेल स्कल वाचलंस ना कॉलेजात?”

वाचलं होतं, म्हणजे पातळ कवटीचा नियम. परीक्षेत दहापैकी सात मार्कही मिळाले होते. पण गुन्हेगाराने किंवा निष्काळजी माणसाने बळी ‘जसा सापडला तसा’ स्वीकारायचा, या एका ओळीपलीकडे मला काही कळलेलं नव्हतं. टॉर्टच्या पेपरात किंवा ट्रायब्युनलमध्ये नव्याने शिरणाऱ्यांची गाडी बहुधा इथेच अडते, म्हणून हे लिहितो आहे.

नियमाचा गाभा १९०१ सालच्या ड्युलियू विरुद्ध व्हाइट या इंग्लिश खटल्यात सापडतो. न्या. केनेडी यांचं म्हणणं साधं होतं. निष्काळजीपणाने कुणाला गाडीखाली घातलंत, तर ‘याची कवटी इतकी पातळ नसती, हृदय इतकं दुबळं नसतं, तर एवढं लागलंच नसतं’ असं सांगून सुटता येत नाही. मात्र नियम प्रत्यक्ष राबताना बघायचा असेल, तर स्मिथ विरुद्ध लीच ब्रेन हा निकाल पूर्ण वाचा. मी तो कॉलेजात गाइडमधून वाचला होता, तेच चुकलं.

स्मिथ हा गॅल्व्हनायझिंगचा कामगार. वरच्या क्रेनने वस्तू वितळलेल्या धातूच्या टाकीत सोडायच्या आणि त्या वेळी आडोशाला पत्रा धरायचा, असं त्याचं काम. १९५० च्या ऑगस्टमध्ये त्याने डोकं किंचित बाहेर काढलं आणि धातूचा एक थेंब उडून खालच्या ओठावर बसला. दिसायला साधा भाजल्याचा डाग. पण तो भरेना, व्रण झाला, पुढे कॅन्सर निघाला आणि १९५३ मध्ये स्मिथ वारला. त्याने तरुणपणी गॅसच्या कारखान्यात काम केलं होतं. तिथल्या डांबराच्या संपर्कामुळे त्याच्या ओठाच्या पेशी आधीच कॅन्सरकडे झुकलेल्या होत्या आणि भाजण्याने ठिणगी पडली.

मालकांचा बचाव वरवर तगडा होता. द वॅगन माऊंड हा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल १९६१ मध्ये नुकताच आला होता. ज्या प्रकारची हानी आधी कल्पनेत येऊ शकते तेवढ्याचीच जबाबदारी, असं तो सांगत होता. भाजण्यातून कॅन्सर होईल हे कोणत्या मालकाच्या कल्पनेत येणार? न्यायाधीश लॉर्ड पार्कर यांनी प्रश्नच बदलला. कॅन्सर कल्पनेत यायची गरज नाही. भाजणं कल्पनेत येत होतं का? वितळलेल्या धातूजवळ उभ्या माणसाला पुरेसा आडोसा नसेल तर तो भाजेल, हे कुणालाही दिसतं. म्हणजे इजेचा प्रकार अपेक्षित होता. त्या इजेतून पुढे किती घडलं, हे त्या माणसाच्या देहावर अवलंबून, आणि तो देह मालकांनी आहे तसा घ्यायचा.

प्रकार आणि प्रमाण हा फरक वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. वॅगन माऊंड प्रकाराबद्दल बोलतो, पातळ कवटी प्रमाणाबद्दल. उत्तरपत्रिकेत दोघांची खिचडी झाली की परीक्षकाला लगेच वास येतो.

दुसरी चूक मी स्वतः एका मूट कोर्टात केली आहे. मी उभा राहून थेट म्हणालो, “पीडित गरोदर होती, एगशेल स्कल लागू, भरपाई द्या.” पीठावरच्या बाईंनी विचारलं, “कर्तव्य कुठून आलं?” मी गप्प. ड्युलियूमधली बाई गरोदर होती. ती दारूच्या दुकानात काउंटरमागे उभी असताना घोड्यांची गाडी थेट आत घुसली. भीती स्वतःच्याच जिवाची होती, त्यामुळे तिच्या बाबतीत काळजी घेण्याचं कर्तव्य होतं. बोरहिल विरुद्ध यंग या एडिंबरामधल्या प्रकरणातली बाईही गरोदर, आठवा महिना. पण ती ट्रामच्या पलीकडे होती. एका मोटारसायकलच्या धडकेचा आवाज ऐकून आणि नंतर रस्त्यावरचं रक्त पाहून तिला धक्का बसला आणि पुढे तिचं मूल मृत जन्मलं. हाउस ऑफ लॉर्ड्सने तिचा दावा फेटाळला, कारण मोटारसायकलस्वाराला ती धोक्यात येईल असं वाटण्याचं कारणच नव्हतं. तेव्हा आधी दार उघडलं पाहिजे: कर्तव्य, त्याचा भंग, आणि धडधाकट माणसालाही होऊ शकली असती अशी काहीतरी इजा. मग आत शिरल्यावर पातळ कवटी. नाजूकपणाच्या जोरावर दार उघडत नाही.

आता आमच्या रिक्षावाल्याकडे परत. धडक बसलेल्या कुणाच्याही पायाला जखम होते, म्हणजे दार उघडं. जखमेतून पाय गेला, तो साखरेमुळे असला तरी मोटारसायकलवाल्याच्या, आणि म्हणून विमा कंपनीच्या, खात्यात. डॉक्टरांचं “बहुतेक नाही” हे उत्तर म्हणजे पातळ कवटीचीच व्याख्या होती.

पण सरांनी मला अर्जदाराचे अपघाताआधीचे तपासणीचे कागद गोळा करायला का पिटाळलं होतं, ते मला नंतर कळलं. स्मिथच्या निकालात एक परिच्छेद आहे, तो गाइडवाले गाळतात. लॉर्ड पार्कर यांनी विधवेला पूर्ण रक्कम दिली नाही. भाजला नसता तरी स्मिथला कधीतरी कॅन्सर झाला असता ही शक्यता धरून त्यांनी मल्टिप्लायर, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्या आकड्याने गुणून भरपाई काढतात तो, बराच कमी केला. कॅनडातले वकील अशा स्थितीला ‘ढासळती कवटी’ म्हणतात. कवटी नुसती पातळ होती की अपघाताशिवायही ढासळत होती, हा वेगळा प्रश्न आहे, आणि विरुद्ध बाजूचा हुशार वकील तोच विचारतो. आमच्या विरुद्ध बाजूने तो विचारलाच नाही. त्यांनी डायबेटिसवर भर दिला, पाय अपघाताशिवाय कधी गेला असता यावर नाही.

आम्ही मात्र तयार होतो. अपघाताच्या दोन महिने आधीच्या तपासणीचा कागद मिळाला होता. त्यात दोन्ही पावलांच्या नाड्या लागतात, जखम नाही, संवेदना शाबूत, असं फॅमिली डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं. कागद पाच रुपयांच्या प्लास्टिक पिशवीत, रेशनकार्डाबरोबर ठेवलेला. अर्जदाराच्या बायकोने तो काढून दिला. आम्हीच डॉक्टरांना फेरतपासणीत विचारलं, “अपघात झाला नसता तर पुढच्या काही वर्षांत पाय कापावा लागेल असं या नोंदीवरून दिसतं का?” उत्तर आलं, “नाही दिसत.”

युक्तिवादात सरांनी दोन प्रश्न शेजारी ठेवले: डायबेटिस नसता तर काय, आणि अपघात नसता तर काय. ४७ वर्षांना सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यानुसार मल्टिप्लायर १३ लागतो. विमा कंपनीला तो आजारामुळे कमी हवा होता. ट्रायब्युनलने १३ च धरला. रिक्षाचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो, त्यामुळे कमाईचं नुकसान डॉक्टरांच्या दाखल्यातल्या टक्क्यांपेक्षा जास्त मानलं. दावा मंजूर झाला, वसुलीला आणखी दीड वर्ष गेलं, ती वेगळी गोष्ट.

तुमच्याकडे असं प्रकरण आलं तर पहिल्याच भेटीत अपघाताआधीच्या दोन-तीन वर्षांचे तपासणीचे कागद मागा. ‘काही नव्हतं हो, ठणठणीत होते’ या वाक्यावर विसंबू नका. आजार लपवला आणि तो उलटतपासणीत निघाला तर बाकीची साक्षही डळमळते. आणि निकाल वाचताना भरपाईचा शेवटचा परिच्छेद सोडू नका. मी सोडला होता.